कणकुंबी निसर्ग अभ्यास सहल : पालकांसाठी सूचनापत्र व संमतिपत्र

दि. ३० ऑक्टोबर २०२६

प्रति,
इयत्ता सातवी व आठवीच्या सर्व पालकांस,

सप्रेम नमस्कार.

शनिवार, दि. २१ नोव्हेंबर २०२६ रोजी आपल्या शाळेच्या सातवी व आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांची खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे एक दिवसाची निसर्ग अभ्यास सहल नेण्याचे योजिले आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली असून वनखात्यालाही रीतसर कळविले आहे. आपल्या सहीवाचून मात्र एकही मूल बसमध्ये बसणार नाही. म्हणून हे पत्र घाईत न वाचता शक्य झाल्यास मुलासोबत बसून वाचावे, ही कळकळीची विनंती.

कणकुंबीच का, असे काही पालकांनी विचारले होते. मलप्रभेचा उगम याच गावात, माउली मंदिराजवळ आहे. तिथून निघालेले पाणी पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. जवळच्याच भीमगड परिसरात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेकडे गोव्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. एका बाजूच्या उतारावर पडलेला पाऊस एका समुद्राला आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या समुद्राला जातो, ही गोष्ट भूगोलाच्या पुस्तकात दोन ओळींत संपते. त्या उतारावर होकायंत्र हातात धरून उभे राहिल्यावर ती कायमची कळते.

त्यामुळे ही फिरण्याची किंवा खाण्यापिण्याची सहल नाही. मुले आठ-आठांच्या आठ गटांत काम करतील. एक गट दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून त्यातील पालापाचोळा, मुंग्या, बुरशी, बिया यांची नोंद करील. दुसरा गट जांभूळ, हिरडा, किंजळ यांच्या सालीवर कागद ठेवून खडूने ठसे घेईल. ओढ्याकाठी वेग मोजण्याचा प्रयोग असेल : शिक्षक प्रवाहात एक पान सोडतील आणि काठावर ताणलेल्या ५ मीटर दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते किती सेकंदांत जाते हे मुले घड्याळावर पाहतील. दहा मिनिटे कोणीही न बोलता बसून ऐकू येणारे आवाज लिहून काढण्याचाही एक उपक्रम आहे. घरी हा करून पाहिल्यास मुलांना तेथे सोपे जाईल.

शाळेच्या पटांगणातून सकाळी ७ वाजता वायव्य कर्नाटक परिवहनच्या दोन बस निघतील. पिरनवाडी, कुसमळी, जांबोटीमार्गे कणकुंबीला जाऊन दुपारी ३ वाजता परतीचा प्रवास सुरू होईल आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मुले शाळेत असतील. अंधार पडल्यावर जंगलातील रस्त्यावर एकही बस असणार नाही, हे आम्ही आधीच ठरविले आहे. काही काम अर्धे राहिले तर राहू दे. मुलांना नेण्यासाठी पालकांनी स्वतः यावे किंवा कोण येणार ते संमतिपत्रात लिहावे. वर्गणी ३८० रुपये असून त्यात बसभाडे आणि सकाळचे उप्पीट येते. ज्यांना वर्गणी जड जाईल त्यांनी वर्गशिक्षकांना एकट्याने भेटावे. पैशांअभावी कोणाचे मूल मागे राहू नये, आणि ही गोष्ट वर्गात कोणाला कळणारही नाही.

आता सुरक्षिततेविषयी. प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक असतील व त्या आठांपैकी चार शिक्षिका आहेत. मुख्याध्यापिका स्वतः सोबत असतील. बस हलण्यापूर्वी दोन शिक्षक स्वतंत्रपणे नावे वाचून मोजणी करतील आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय बस सुटणार नाही. एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथे थांबणे आणि तीन आखूड शिट्ट्या म्हणजे गटाकडे परत येणे. हे मुलांना शाळेतच शिकविले जाईल. गटातले मूल एकटे कुठेही जाणार नाही, लघवीलासुद्धा जोडीदार आणि शिक्षक यांना सांगूनच जाईल.

मुलांपैकी कोणीही पाण्यात उतरणार नाही. ओढा घोट्याएवढा दिसला तरी शेवाळलेला दगड पायाखालून निसटायला क्षण पुरतो. वज्रपोहा धबधब्याला नेणार का, हा प्रश्न मुलांकडून अनेकदा आला आहे. त्याचे उत्तर नाही असे आहे. २०११ साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात आपण जाणार नाही, तसेच कळसा कालव्यासाठी झालेल्या खोदकामाच्या आसपासही फिरकणार नाही. आपल्या मुलाने घरी हट्ट धरल्यास आपणही हेच सांगावे. घरी एक आणि शाळेत दुसरे ऐकले की मूल नियम हलका समजते.

गवा, अस्वल हे प्राणी त्या भागात आहेत. दिवसा, मोठ्या गटात आणि गावालगत त्यांची गाठ पडण्याची शक्यता कमी असली तरी गवा दिसल्यास न ओरडता, न पळता, फोटोसाठी न थांबता शिक्षकांच्या मागे हळूहळू मागे सरायचे आहे. माकडांना खाऊ द्यायचा नाही. आग्यामोहोळाच्या दिशेने खडा भिरकावणे हा आमच्या दृष्टीने या सहलीतील सर्वांत गंभीर अपराध आहे, कारण एकाच्या खोडीची शिक्षा साठजणांना भोगावी लागते. सुगंधानेही माश्या उठू शकतात, त्यामुळे अत्तर, सुगंधी तेल, पावडर, गजरा यांतील काहीही लावून मुलांना पाठवू नये. माश्या उठल्याच तर हात न झाडता दप्तराने डोके व तोंड झाकून शिक्षक सांगतील त्या दिशेने भराभर दूर जायचे आहे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्यापैकी कोणताही साप दिसला तरी तो मारायचा नाही, जवळून बघायचा नाही. पालापाचोळ्यात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही. चौकोनातील काम काडीने करायचे आहे. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, वर दोरी करकचून बांधणे यांतील काहीही केले जाणार नाही. मुलाला हलू न देता थेट खानापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेले जाईल, कारण प्रतिविष तिथे मिळते. त्यासाठी एक स्वतंत्र जीप दिवसभर आपल्याबरोबर उभी राहील.

गोचिडांची बाब जरा सविस्तर लिहितो, कारण ती क्षुल्लक वाटते. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप गोचिडांच्या चाव्यातून माणसाला होतो. थंडी-उन्हाळ्यातला हा आजार असल्याने नोव्हेंबरपासूनच सावधगिरी बाळगलेली बरी. पूर्ण बाह्यांचा सदरा व पूर्ण विजार, तीही फिक्या रंगाची, म्हणजे चढलेली गोचीड दिसते. विजारीचे टोक मोज्यांत खोचलेले आणि बूट बंद. जंगलात मेलेले माकड आढळल्यास त्याच्यापासून दूर राहायचे. घरी पोहोचल्यावर मुलाने गरम पाण्याने अंघोळ करावी. काखेत, कानामागे, गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली आपण स्वतः नजर टाकावी आणि कपडे वेगळे धुवावेत. पुढील दोन आठवड्यांत ताप आला तर तो सर्दीचा समजून घरी ठेवू नये. जंगलात जाऊन आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

डब्यात भाकरी, चपाती, कोरडी भाजी असे न सांडणारे अन्न व दोन लिटर पाणी द्यावे. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाकीटबंद खाऊ, दागिने आणि मोबाईल नकोत. कणकुंबीच्या परिसरात फोनची रेंज अनेकदा जाते. शिक्षकांचा फोन लागला नाही म्हणून घाबरू नये. जांबोटीला जाता-येता दोन वेळा वर्गाच्या गटावर संदेश पाठविला जाईल. स्वच्छतागृहाची सोय गावातील शाळेत केली आहे आणि मुलींना लागणारे साहित्य शिक्षिकांजवळ असेल.

सर्वांत महत्त्वाची विनंती शेवटी ठेवली आहे. मागील एका सहलीत दमा असलेल्या मुलीला चढणीवर धाप लागली. तिचा पंप कुठे आहे असे विचारले तेव्हा तो वर्गातल्या बाकाखाली, दप्तरात राहिला असल्याचे कळले. ती दगडावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती, आणि गाडी मिळेपर्यंतची वीस मिनिटे आम्हाला विसरता आलेली नाहीत. चूक आमचीच होती. त्या वर्षीच्या संमतिपत्रात आजाराबद्दल एकही प्रश्न नव्हता. म्हणून दमा, फिट येणे, हृदयाचा त्रास, मधुमेह, मधमाशीच्या चाव्याने सूज येणे, गाडी लागणे, एखाद्या औषधाची अॅलर्जी यांतील काहीही असल्यास कृपया लपवू नये. आजार सांगितल्याने मुलाला वगळले जात नाही. त्याचा पंप, गोळ्या एका पिशवीत नावासह त्याच्या गटशिक्षकांच्या हातात असतील, एवढाच फरक पडतो. सहलीच्या दिवशी सकाळी ताप किंवा जुलाब असल्यास मूल घरीच ठेवावे, वर्गणी परत मिळेल. न येणाऱ्यांसाठी त्या दिवशी शाळेत झाडांच्या नोंदींचा उपक्रम घेतला जाईल आणि त्यांच्या गुणांवर परिणाम होणार नाही.

पालकांची सभा शनिवार, दि. १४ नोव्हेंबर रोजी सकाळी ११ वाजता शाळेत होईल. ज्यांना हे पत्र कन्नडमध्ये हवे असेल त्यांनी कार्यालयातून प्रत न्यावी. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना सभेनंतर वर्गशिक्षक ते पूर्ण वाचून दाखवतील व अंगठा घेतील. शंका असल्यास विद्यार्थ्याच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावरील शाळेच्या क्रमांकावर फोन करावा.

यंदा छापील अर्ज काढलेला नाही. खालील मजकूर वहीच्या कोऱ्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवून, त्याखाली पाल्याचे नाव व इयत्ता, त्याचे आजार व औषधे, घेण्यास येणाऱ्या व्यक्तीचे नाव, दिवसभर लागणारे दोन फोन क्रमांक आणि तारखेसह सही करून सोमवार, दि. १६ नोव्हेंबरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे. लिहायला दहा मिनिटे लागतील, पण त्या दहा मिनिटांत प्रत्येक वाक्य नजरेखालून जाईल.

संमतिपत्र

“दि. २१ नोव्हेंबर २०२६ रोजीच्या कणकुंबी निसर्ग अभ्यास सहलीचे सूचनापत्र मी पूर्ण वाचले आहे, अथवा मला वाचून दाखविले आहे. त्यातील नियम मी माझ्या पाल्याला समजावून सांगितले असून ते पाळण्याचे त्याने मला कबूल केले आहे. त्याच्या प्रकृतीविषयी माझ्या माहितीतील सर्व गोष्टी मी खाली खरेपणाने लिहिल्या आहेत. तातडीच्या वेळी माझ्याशी संपर्क न झाल्यास शिक्षकांनी त्याला जवळच्या रुग्णालयात नेऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत, यास माझी संमती आहे. ही संमती दिल्याने शाळेची काळजी घेण्याची जबाबदारी कमी होत नाही, हे शाळेने मला सांगितले आहे. माझ्या पाल्यास या सहलीस पाठविण्यास मी स्वखुशीने परवानगी देत आहे.”

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका,
सहल समितीतील सर्व शिक्षकांच्या वतीने