बाराची भाकरी

शालनला घरातल्या अकरा माणसांच्या जिभा पाठ होत्या. मामांना भाकरी मऊ लागायची, कवळीत कडा अडकायच्या. आत्याबाईंना कालवणात वाटलेलं खोबरं सोसायचं नाही, पित्त व्हायचं. मधल्या दिरांना माळवं कुठलंही चाले, पण वरून शेंगदाण्याचं कूट हवंच. त्यांचा धाकटा पोरगा वांग्याच्या बिया बोटानं बाजूला काढायचा, म्हणून त्याच्यापुरतं बटाट्याचं वेगळं. तिचा स्वतःचा सुमित कारखान्यावरून रात्री दहाला यायचा. त्याची आमटी ती कढत ठेवायची आणि दुरडीतल्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून.

पहाटे साडेपाचला शेगडी पेटली की काठवटीत पीठ पडायचं. सकाळी वीस-बावीस भाकऱ्या, संध्याकाळी तेवढ्याच, ऊसतोड चालू असली की त्यात गड्यांच्या आणखी. कोरेगावाकडचं हे घर पाण्याचं होतं. विहिरीला बारमाही पाणी, चार एकर ऊस, दारात दोन म्हशी. शालन आली होती माणमधून, दहिवडीच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून. तिकडं पाऊस आला तर आला. बाजरी, मटकी आणि हुलगा हेच तिच्या माहेरचं खरं धान्य, कारण पावसानं पाठ फिरवली तरी तेवढं हाताला लागायचं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तिनं हौसेनं हुलग्याचं माडगं केलं होतं. मामा वास घेऊन म्हणाले, "हे आमच्यात बैलांना घालत्यात." सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर या घरात हुलगा शिजला तो बैलांच्याच पातेल्यात.

ती जेवायची तीन वाजता. कधी साडेतीन. तळाला राहिलेली पातळ आमटी, कुणी अर्धी टाकलेली भाकरी, आणि वर पितळीभर चहा, म्हणजे भूक मरते. याला कुणी अन्याय म्हणत नव्हतं. आत्याबाईही असंच जेवल्या होत्या, त्यांच्या सासूबाईही. घरात कुणी तिला उपाशी ठेवलेलं नव्हतं. पण ती जेवली का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं, आणि मला वाटतं बाईचं रक्त आटतं ते अशाच घरांत, जिथं धान्याची पोती भरलेली असतात.

दिवाळीनंतर तिला जिना चढताना धाप लागू लागली. डोळ्यांपुढं अंधारी यायची. पाळीही महिन्याचे आठ-आठ दिवस चालायची, पण ते ती कुणाला सांगणार? एकदा परातीवर वाकलेली असताना ती तशीच खाली बसली. धाकटी जाऊ सुनीता जिल्हा परिषदेच्या शाळेवर होती. तिनं त्या दिवशी रजा टाकली आणि शालनला ग्रामीण रुग्णालयात नेलं. हिमोग्लोबिन 7.9 निघालं. डॉक्टरीणबाई वयानं लहानच होत्या. त्यांनी खालच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, पाळीची चौकशी केली, सोनोग्राफी लिहून दिली आणि लोहाच्या गोळ्या काढल्या.

"जेवल्यावर एक तासानं एक गोळी. दुपारी एक, रात्री एक. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या. आणि जेवणाच्या, गोळीच्या आसपास चहा बंद, चहा लोह अंगी लागू देत नाही. निदान दोन तासांचं अंतर ठेवा. दुपारी किती वाजता जेवता?"

शालन गप्प राहिली.

"किती वाजता, मावशी? वेळ लिहून देते."

"सगळ्यांची झाली की," ती म्हणाली.

"म्हणजे किती वाजता?"

सुनीता जमिनीकडं बघत होती. तिला वर्षानुवर्षं शाळेचा डबा साडेनवाला भरून मिळत आला होता.

घरी येऊन शालननं दुधाच्या हिशेबाची वही काढली. शेवटची पानं कोरी होती. पाच वाजता धारा काढून झाल्या की चहा, तो तिला सोडायचा नव्हता. त्याच्या आधी दोन तास गोळी, म्हणजे तीन. गोळीच्या आधी एक तास जेवण, म्हणजे दोन. पण दोनला गडी यायचे, वाढताना घास खाली ठेवून उठावं लागायचं. मामा आणि बाकीची मंडळी एकला बसायची. तिनं पेन्सिलीनं आकडे खोडले, पुन्हा लिहिले. उरलं ते बारा. चुलीपुढचं काम पावणेबाराला आवरतं आणि पहिलं ताट एकला पडतं. मधली वेळ रिकामी होती. रोज रिकामी असायची. त्या वेळात ती भांडी घासत होती.

बारा लिहिल्यावर ती थांबली. बाराला म्हणजे सगळ्यांच्या आधी.

मग तिनं शेजारी वार लिहिले, आणि वारापुढं काय खायचं तेही. ही यादी लिहायला तिला फार वेळ लागला. दुसऱ्याला काय आवडतं ते हाताला माहीत होतं, तिच्या स्वतःच्या जिभेला काय हवं ते आठवावं लागलं. सोमवारी पोकळ्याची भाजी, लसूण चेचून, कूट न घालता. मंगळवारी मोड आलेली मटकी आणि वर कच्चा कांदा. एका दिवशी अळिवाची खीर. अंबाडी, तांदळाच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी. आत्याबाईंना अंबाडीचा आंबटपणा सोसत नव्हता म्हणून तिनं ती करणंच सोडलं होतं. बाजरीची भाकरी, थंडी आहे तोवर. रविवारपुढं तिनं लिहिलं, शेंगोळी. लिहून झाल्यावर भावाला फोन लावला.

"दादा, हुलगं हायत का रं घरात?"

"हायत की. बैलांस्नी पाहिजेत व्हय?"

"मला पाहिजेत."

भावानं एस.टी.तून पायलीभर पाठवले. धूळ तशीच होती, माणची. तिनं ते पाखडले, निवडले, मंद आचेवर खरपूस भाजले आणि गिरणीत स्वतः घेऊन गेली, कारण गिरणीवाला गव्हावर दळून टाकेल ही धास्ती.

पहिल्या सोमवारी बाराला ती पाटावर बसली. ताट स्वतःचं, वाढलेलं स्वतः. पहिली भाकरी, तव्यावरून उतरलेली, तिच्या वाट्याला या घरात कधी आली नव्हती. पोकळा हिरवागार होता. दोन घास झाले असतील तोच मामा मळ्यातून लवकर आले. दारात थांबले. चपला काढायच्याही विसरले.

शालनचा हात ताटातच राहिला. अंगवळणी पडलेलं शरीर उठायला निघालंच होतं.

"पाणी माठात हाय मामा," ती बसूनच म्हणाली. "मला जेवून गोळी घ्यायची हाय."

मामा माठाकडं गेले. ओसरीवरून आत्याबाई म्हणाल्या, "आमच्यात बायकांनी पुरुषाच्या आधी तोंडात घास घातला न्हाई." मोठ्यानं म्हणाल्या नाहीत, पण ऐकू जाईल असं म्हणाल्या. शालननं भाकरीचा तुकडा मोडला. घास घशाखाली उतरेना, तरी तिनं ताट संपवलं. एक वाजता पेल्यात लिंबू पिळलं आणि गोळी घेतली. मग सगळ्यांना वाढलं, नेहमीसारखं, कडक-मऊ, कूट-बिनकूट, प्रत्येकाचं प्रत्येकाला.

रात्रीची गोळी नऊला घ्यायची, तर आठला जेवण हवं. ती वेळ कशी काढायची हा प्रश्न तिनं सरळ जेवताना सगळ्यांपुढं ठेवला. संध्याकाळच्या भाकऱ्या एकटीनं थापून होत नाहीत, असं ती म्हणाली. वसंतराव, म्हणजे तिचा नवरा, ताटाकडं बघत म्हणाले, "मग काय बाहेरून आणायच्या?" उत्तर सुनीतानं दिलं. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी तिनं घेतल्या. दोन घरातल्याच पूजानं घेतल्या, कुरकुर करत. सुमितला सुट्टीच्या दिवशी तवा दिला. त्याच्या भाकऱ्या काही आठवडे वातड व्हायच्या, नकाशे व्हायचे. मग जमल्या. पोराला भाकरी येत नाही हे इतकी वर्षं कुणाला खटकलंही नव्हतं, हे नवलच.

रविवारची शेंगोळी मात्र ती कुणाला करू देत नसे. हुलग्याच्या पिठात मूठभर ज्वारीचं पीठ, म्हणजे तुटत नाहीत. लसूण, जिरं, हिरवी मिरची पाट्यावर वाटून, हळद, मीठ, आणि पीठ घट्ट मळायचं. तेलाचं बोट लावून गोळी तळहाताखाली लांबवायची, करंगळीपेक्षा बारीक, आणि दोन टोकं जुळवून वेटोळं करायचं. आधणात तेच वाटण परतून घातलेलं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्याशिवाय शेंगोळं सोडायचं नाही, नाहीतर विरघळतं. एकेक सोडलं की तळाला जातं आणि शिजलं की वर येतं. तिची आई तर मूठभर पिठात सहा माणसांचं भागवायची, रस्सा वाढवून. शालनला रस्सा दाट आवडत होता. आता ती दाट करायची.

गोळ्या तीन महिने चालल्या. सोनोग्राफीत लहानशी गाठ निघाली होती, तिच्यावरही औषध सुरू झालं. मार्चमधे रक्त पुन्हा तपासलं, 11.4. बारा व्हायला हवं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या आणखी तीन महिने दिल्या, अंगात साठा व्हावा म्हणून. जूनमधे त्याही संपल्या. आकडा बाराच्या वर गेला.

रिकामं पाकीट कचऱ्यात पडलेलं आत्याबाईंनी बघितलं. दुसऱ्या दिवशी बारा वाजता शालननं ताट घेतलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळ्या संपल्या न्हवं आता?"

"संपल्या की."

"मग?"

शालननं वाटीत मटकी घेतली. सहा महिने तिनं गोळीचं नाव पुढं केलं होतं, ते आता हाताशी नव्हतं.

"गोळ्या संपल्या, आत्याबाई. भूक न्हाई संपली."

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या तिच्याशी तुटकच होत्या. मामांनी त्यात भाग घेतला नाही. बाराला घरात यायचं झालंच तर ते आधी अंगणातून खाकरायचे.

श्रावणातल्या झडीत आत्याबाईंना सर्दी झाली. नाक चोंदलेलं, तोंडाला चव नाही, दोन दिवस नुसता मऊ भात. त्या दिवशी शालनच्या वहीत वारापुढं माडगं लिहिलेलं होतं. तिनं हुलग्याचं पीठ गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडल्या, उकळत्या पाण्यात ओतलं, सुंठ घातली, गूळ घातला आणि पळीनं घोटत बसली. भाजक्या हुलग्याचा वास ओसरीपर्यंत गेला.

"शालन, काय करतीयास?"

"माझं माडगं."

थोडा वेळ गेला. "सर्दीला चांगलं असतंय म्हणं ते."

शालननं वाटी भरून नेऊन दिली. आत्याबाईंनी फुंकर घालून एक घोट घेतला, मग दुसरा.

"गूळ कमी पडलाय," त्या म्हणाल्या.

"मला एवढाच लागतोय, आत्याबाई. तुम्हास्नी वरनं घालून देते. खडा आणू का किसून?"

"किसून आण."