आवृत्ती 5.2: सोसायट्यांना पाठवायचा मजकूर, संपादित मसुदा

नमस्कार मंडळी,

आपल्या सोसायटी बिलिंग सॉफ्टवेअरच्या 5.2 मधल्या बदलांची तुमची यादी मिळाली. ग्राहकांना जाणारा मजकूर खाली पूर्ण लिहून दिला आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत वाचून होकार कळवा, म्हणजे शनिवारच्या अपडेटआधी तो सगळ्या सोसायट्यांकडे पोचेल.

तुमच्या यादीतल्या या चार ओळी बघा:

```
FIX: NPE in ReceiptAlloc when advance_bal is null
PERF: index on ledger_txn(member_id, txn_date)
CHG: int_calc cutoff = receipt_date (was entry_date)
FIX: natural sort on flat_no in bulk PDF
```

हे वाचणार कोण? बोरिवली, मुलुंड, चेंबूरच्या सोसायट्यांचे खजिनदार आणि मॅनेजर. त्यातले कितीतरी जण आयुष्यभर बँकेत नाहीतर अकाउंट्समध्ये काम करून निवृत्त झालेले आहेत. त्यांना हिशोब पक्का कळतो. आपला कोड कळायचं त्यांना कारण नाही. बिलं काढताना आपल्या कामात काय फरक पडणार, एवढंच त्यांना हवं असतं. म्हणून ‘नवीन’, ‘सुधारणा’ आणि ‘दुरुस्ती’ हे तुमचे तीन गट मी मोडले आणि ज्याचा जो उपयोग त्याप्रमाणे बदल एकत्र आणले. व्याजाची ओळ यादीच्या तळाशी होती. पैशाचा मामला आहे, ती सगळ्यात वर आली.

‘खातेवही 6 सेकंदांत उघडते’ हा आकडा काढला आहे. तो आपल्या ऑफिसातल्या सर्व्हरवरचा आहे आणि सोसायटीच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो खरा ठरेलच असं नाही. लायब्ररी बदलल्याच्या ओळी आणि ‘इतर किरकोळ दुरुस्त्या’ हेही गाळलं. दुरुस्ती सांगण्याजोगी असेल तर नीट सांगू, नसेल तर वाचणाऱ्याचा वेळ घेऊ नये.

एक गोष्ट मात्र कृपया मवाळ करू नका. व्याजाबद्दल तुम्ही ‘गणनेत सुधारणा’ असं लिहिलं होतं. ज्या सभासदाला जास्त व्याज लागलं आहे, त्याच्या खजिनदाराला ते आपल्याकडूनच आणि आकड्यांसकट कळलं पाहिजे. सभासद पावती घेऊन दारात उभा राहिल्यावर कळून उपयोग नाही.

इथून पुढे ग्राहकांचा मजकूर.

आवृत्ती 5.2 मध्ये तुमच्यासाठी काय बदललं

नवी आवृत्ती शनिवारी, 14 मार्चला रात्री 11 वाजता बसवायला घेऊ. त्या रात्री 11 ते पहाटे 3 या वेळात सॉफ्टवेअर बंद राहील. तुम्हाला काही डाउनलोड करायचं नाही. रविवारी नेहमीसारखं लॉगिन करा.

घाई असेल तर ‘थकबाकीवरचं व्याज’ आणि ‘31 मार्चच्या आधी एवढं करा’ हे दोन भाग तरी जरूर वाचा.

थकबाकीवरचं व्याज योग्य दिवसांचं लागेल

आतापर्यंत पावतीची नोंद ज्या दिवशी कॉम्प्युटरवर व्हायची, त्या दिवसापर्यंत व्याज धरलं जायचं. आता सभासदाने पैसे ज्या दिवशी दिले, त्या दिवसापर्यंतच व्याज लागेल.

उदाहरण घेऊ. एका फ्लॅटचं बिल 6,000 रुपये आहे, भरायची शेवटची तारीख 15 जानेवारी, आणि तुमच्या सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर वर्षाला 18 टक्के. सभासदाने 25 जानेवारीला चेक दिला, पण मॅनेजरने पावतीची नोंद 1 फेब्रुवारीला केली. आधी 17 दिवसांचं व्याज लागलं असतं, म्हणजे 50 रुपये 30 पैसे. आता 10 दिवसांचं लागेल, म्हणजे 29 रुपये 59 पैसे. रक्कम लहान दिसते, पण ज्याने 25 तारखेलाच चेक दिला त्याच्या दृष्टीने पुढचा उशीर सोसायटीचा आहे, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

यासाठी पावतीच्या स्क्रीनवर ‘पैसे मिळाल्याची तारीख’ अशी नवी चौकट आहे. तिच्यात आपोआप आजची तारीख येते. चेक चार दिवस ड्रॉवरमध्ये राहिला असेल तर तारीख मागे घ्या. यूपीआय किंवा एनईएफटीने आलेल्या रकमेला बँक स्टेटमेंटवरची तारीख द्या.

चेक वटला नाही तर पावती उघडून ‘चेक परत आला’ दाबा. पावती रद्द होईल, व्याज पुन्हा बिलाच्या मूळ शेवटच्या तारखेपासून मोजलं जाईल आणि बँकेने कापलेला आकार त्या सभासदाच्या नावे टाकायचा का, हे विचारलं जाईल.

तुम्ही आधी काढलेल्या बिलांना आम्ही हात लावलेला नाही. कमिटीने मंजूर केलेला हिशोब परस्पर बदलणं बरोबर नाही. त्याऐवजी ‘अहवाल’मध्ये ‘व्याजातला फरक’ अशी यादी मिळेल. चालू आर्थिक वर्षात कोणत्या सभासदाला किती जास्त व्याज लागलं, ते तिच्यात पावतीनिशी दिसेल. फरक पुढच्या बिलात वळता करायचा की कसं, हे कमिटीने ठरवावं. ठरलं की यादीतली नावं निवडून ‘पुढच्या बिलात जमा करा’ दाबा. प्रत्येक नावाची वेगळी नोंद करत बसावं लागणार नाही.

व्याज पूर्वीप्रमाणेच सरळव्याज आहे. व्याजावर व्याज लागत नाही.

बिलं छापून वाटणं सोपं होईल

सगळ्या फ्लॅटची बिलं आता एकाच फाइलमध्ये येतील, विंग आणि मजल्याच्या क्रमाने. आधी ए-10 हा ए-2 च्या वर यायचा आणि गठ्ठा हाताने लावावा लागायचा. आता छापलेला गठ्ठा वॉचमनच्या हातात तसाच द्या, तो वरच्या मजल्यापासून खाली वाटत येईल. वरचा मजला आधी हवा की खालचा, तेही निवडता येतं.

ज्या सभासदांना बिल ईमेलवर जातं, त्यांचे कागद या फाइलमधून वगळायची सोय आहे.

सभासदांच्या नावातली जोडाक्षरं आता तुटणार नाहीत. ज्योत्स्ना, त्र्यंबक, कुलकर्ण्यांची कृत्तिका, सगळी नावं कागदावर जशीच्या तशी येतील. ज्येष्ठ सभासदांसाठी मोठ्या अक्षरांचं बिलही काढता येईल; सभासदाच्या माहितीत ‘मोठी अक्षरं’वर एकदा खूण करा, पुढची सगळी बिलं तशीच निघतील.

नेट गेलं तरी पावती देता येईल

सोसायटीचं ऑफिस बहुतेक ठिकाणी पार्किंगच्या कोपऱ्यात असतं, आणि पावसाळ्यात तिथे रेंजचा भरवसा नसतो. आता नेट नसतानाही मोबाइलवरून पावती करता येईल. तिच्यावर ‘ता’ने सुरू होणारा तात्पुरता क्रमांक असेल. नेट आल्यावर ती आपोआप चढेल, तिला कायमचा क्रमांक मिळेल आणि सभासदाला एसएमएस जाईल. दोन्ही क्रमांक हिशोबात राहतात, त्यामुळे हातात तात्पुरती पावती असलेला सभासद आला तरी ती लगेच सापडेल.

ज्यांच्या खात्यात आगाऊ रक्कम नाही, अशा काही सभासदांची पावती सेव्ह होताना अडकत होती. तेही आता होणार नाही.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं बिल काढताना इशारा मिळेल

बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. एखाद्या फ्लॅटला जास्त रक्कम लागत असेल तर बिल काढायच्या आधी ती लाल रंगात दिसेल. तुमच्या बिलातल्या कोणत्या रकमा सेवा शुल्कात येतात, ते ‘सेटिंग’मध्ये एकदा तपासून घ्या. चुकीच्या रकमेवर खूण असेल तर इशाराही चुकीचा येईल.

कमिटी बदलली की जुनी लॉगिन बंद होतील

प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या नावापुढे आता मुदतीची तारीख टाकता येईल. त्या दिवसानंतर हिशोबात बदल करायचा अधिकार जाईल. स्वतःच्या फ्लॅटचं बिल आणि पावत्या मात्र दिसत राहतील.

सभासदाची खातेवहीही आता लवकर उघडेल. जुन्या, मोठ्या सोसायट्यांना हा फरक जास्त जाणवेल.

31 मार्चच्या आधी एवढं करा

‘सेटिंग’मध्ये व्याजाचा दर आणि बिल भरायची शेवटची तारीख तुमच्या सभेच्या ठरावाप्रमाणे आहे का, ते पाहा. मग ‘व्याजातला फरक’ यादी काढून कमिटीपुढे ठेवा. वर्ष बंद करण्याआधी हे झालं तर ऑडिटरला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. वर्ष बंद केल्यावरही यादी दिसेल, पण रकमा नव्या वर्षात जमा होतील.

1 मे पासून `.xls` फाइल चढवता येणार नाही, फक्त `.xlsx` चालेल. जुनी फाइल एक्सेलमध्ये उघडा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून `.xlsx` निवडा. आतले रकाने बदलायची गरज नाही.

अजून राहिलेलं

नेट नसताना केलेल्या पावतीला चेकचा फोटो जोडता येत नाही. पावती चढल्यावर ती उघडून फोटो जोडा. तसंच, एकाच फ्लॅटचे दोन सभासद असतील तर एसएमएस फक्त पहिल्या नावाच्या नंबरवर जातो. या दोन्हींवर काम चालू आहे. झालं की याच प्रकारे कळवू.

काही अडलं तर कुठल्याही स्क्रीनवर उजवीकडे वर असलेलं ‘मदत’ दाबा आणि तुमचा नंबर द्या. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 7 या वेळात आमच्यातलं कोणीतरी मराठी, हिंदी किंवा गुजरातीत फोन करेल. अपडेटनंतरच्या रविवारी, 15 मार्चलाही दिवसभर माणसं हजर असतील.