क्षितिजाची उंची

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकातील ‘सुट्टीतले दिवस’ या सदरासाठी निशांतने दिलेल्या छायाचित्रात तो गॉगल लावून, दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि त्याच्या मागे मावळत्या सूर्याने नारिंगी झालेला समुद्र पसरलेला होता. छायाचित्र देखणे होते, याबद्दल विद्यार्थी-संपादक मंडळात कोणाचेही दुमत झाले नाही. तरीही पानांची मांडणी करणाऱ्या मुक्ताने ते बाजूला काढून ठेवले आणि निशांतला संगणक कक्षात बोलावून घेतले.

निशांतने या कामी बरीच मेहनत घेतली होती. मोबाइलवरील अॅपने त्याची आकृती मूळ पार्श्वभूमीपासून क्षणात वेगळी करून दिली होती. मात्र असे अॅप जिथे हमखास गडबडते त्या केसांच्या कडा त्याने स्वतः, चित्र चौपट मोठे करून, मास्कवर बारीक ब्रश फिरवत साफ केल्या होत्या. केसांमधून डोकावणारा जुन्या आकाशाचा राखाडी रंग काढला होता, चेहऱ्यावर किंचित उबदार छटा चढवली होती, आणि सूर्यास्तासाठी कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या छायाचित्रांच्या संग्रहातून एक समुद्र निवडला होता. फसवणूक म्हणावी, तर इतक्या निगुतीने केलेली फसवणूक विरळाच.

“फोटो कोणी काढला?” मुक्ताने विचारले.

“बाबांनी.”

“उभे राहून?”

“म्हणजे काय? उभे राहूनच. का गं?”

मुक्ताने पडद्यावर क्षितिजाच्या रेषेवरून बोट फिरवले. “तुझे बाबा साधारण तुझ्याच उंचीचे आहेत. तुम्ही दोघे एकाच सपाटीवर उभे असाल, तर समुद्राचं क्षितिज कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं, म्हणजे ते तुझ्या खांद्यापाशी किंवा डोळ्यांपाशी यायला हवं. इथे ते तुझ्या गुडघ्यांवरून गेलंय. बाबा वाळूत पालथे पडले होते का?”

“उतार होता तिथे,” निशांत म्हणाला.

“ते उतारावर खाली असते, तर तुझ्या बुटांचा वरचा भाग इतका दिसला नसता. बुटांच्या नाड्यांची गाठसुद्धा वरून दिसते आहे.”

निशांतने बुटांकडे पाहिले. केसांच्या कडांपायी जीव टाकणाऱ्या माणसाला आपल्याच पायांकडे पाहायचे सुचले नव्हते.

“आणि सूर्य तुझ्या पाठीमागे आहे,” मुक्ता पुढे म्हणाली. “अशा वेळी केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला उजेडाची रेघ येते आणि चेहरा काळवंडतो. तुझा चेहरा मात्र सगळीकडून सारखा उजळलेला आहे. नाकाखाली, हनुवटीखाली धड सावलीसुद्धा नाही. असा उजेड भरून आलेल्या आभाळाचा असतो.”

“फ्लॅश होता.”

हे उत्तर द्यायला नको होते, हे तोंडातून शब्द निघताक्षणीच त्याला कळले, कारण मुक्ताने लगेच चित्र मोठे केले आणि त्याच्या गॉगलच्या डाव्या काचेवर आणून थांबवले. फ्लॅश असता, तर तिथे पांढरा ठिपका पडला असता. ठिपका नव्हता. काचेच्या वरच्या भागात फिकट राखाडी आभाळ होते, त्याखाली लोखंडी कठड्याची वाकलेली रेघ होती आणि मधोमध, नखाएवढ्या जागेत, दोन्ही हातांनी फोन धरलेला एक माणूस होता. त्याच्या शेजारी कोणीतरी छत्री धरून उभे होते.

“मागचं सगळं बदललंस,” मुक्ता म्हणाली, “पण काचेत दिसतं ते समोरचं. ही छत्री आईची ना?”

निशांतने मान हलवली.

“ढगाळ हवेत गॉगल कशाला लावला होतास?”

“फोटोसाठी.”

यावर मात्र दोघेही हसले आणि वातावरण जरा सैल झाले. मग निशांतने खुर्ची जवळ ओढली आणि एकदाचे सगळे सांगून टाकले. समुद्रावर तो खरोखरच गेला होता, परंतु मुक्काम असेपर्यंत पावसाने डोळा उघडला नाही. समुद्र आणि आभाळ यांच्यातली सीमाही ओळखू येऊ नये इतका सगळा परिसर राखाडी होता. इकडे वर्गातील प्रत्येकाच्या खात्यावर झळझळीत सूर्यास्त येत होते. “मी न गेलेल्या ठिकाणी गेलो असं तर दाखवलं नाही ना? समुद्र होता. सूर्यही मावळतच होता, फक्त ढगांमागे. आणि हे काही आजचं नाही. १८५० च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने समुद्र एका काचेवर आणि आकाश दुसऱ्या काचेवर टिपून, दोन्ही एकाच कागदावर छापले होते. लोक आजही त्याचं कौतुक करतात.”

हा मुद्दा त्याने येण्यापूर्वीच तयार करून ठेवला असावा, असा मुक्ताला दाट संशय आला. तरीही मुद्दा कच्चा नव्हता, त्यामुळे ती उत्तर देण्यापूर्वी थोडी थांबली.

“त्याची अडचण निराळी होती,” ती म्हणाली. “त्या काळच्या काचेवरचा थर निळ्या रंगाला फार संवेदनशील होता. समुद्र नीट यावा म्हणून पुरेसा वेळ प्रकाश दिला, की आकाश पांढरंफटक व्हायचं. डोळ्यांना दोन्ही एकत्र दिसायचं, पण काचेला पेलायचं नाही, म्हणून त्याने दोन काचा वापरल्या. तुझ्या फोनला काय पेललं नाही? राखाडी रंग?”

निशांत गप्प झाला.

“तू गेला होतास, यावर माझा विश्वास आहे,” मुक्ता म्हणाली. “पण उद्या ही गॉगलची काच दुसऱ्या कोणी मोठी करून पाहिली, तर तू घराच्या गच्चीवर उभा होतास असंच तो म्हणेल. मग तू कोणता पुरावा दाखवणार? मूळ फोटो आहे का?”

मूळ छायाचित्र फोनमध्येच होते. ते दाखवताना निशांतने आधी पडद्यावर हात धरला, मग काढला. क्षितिज होते तिथेच, खांद्यापाशी, जेमतेम जाणवणारे. वाऱ्याने त्याचे केस एका बाजूला उभे राहिले होते. नव्या छायाचित्रात साफ केलेल्या कडांबरोबर तेही छाटले गेले होते. त्याच्या मागे, कठड्याशी, एक लहान मुलगा उलट्या झालेल्या छत्रीशी झटापट करत होता. छत्रीच्या तारा आभाळाकडे गेल्या होत्या आणि मुलाचा एक पाय हवेत होता.

मुक्ता बराच वेळ ते पाहत राहिली. “हा फोटो तू पुसून टाकायला निघाला होतास?”

“माझे केस बघ जरा.”

“बघते आहे.” ती मांडणीकडे वळली. “दोन पर्याय आहेत. पहिला फोटो छापायचा असेल, तर खाली ‘दोन छायाचित्रांची जुळणी’ असं स्पष्ट लिहावं लागेल, आणि सूर्यास्त ज्याने टिपला त्याचं नावही द्यावं लागेल. नाहीतर हा छापू. जागा एकाच फोटोची आहे.”

निशांतने दोन्ही छायाचित्रे आलटून पालटून पाहिली. नारिंगी समुद्र अजूनही त्याला अधिक आवडत होता, हे त्याने लपवले नाही. परंतु सूर्यास्त टिपणाऱ्याचे नाव त्याने कुठे नोंदवलेच नव्हते आणि तो संग्रह पुन्हा धुंडाळायचा त्याला कंटाळा आला होता. शिवाय त्या मुलाचा हवेतला पाय पाहून त्याला दर वेळी हसू फुटत होते.

“हा घे,” तो अखेर म्हणाला. “खाली ‘छायाचित्र : बाबा’ असं लिही.”

मुक्ताने तसे टंकले आणि चित्र पुन्हा मोठे केले. “आणि हा मुलगा कोण? त्याच्या घरच्यांना विचारलंस का?”

“अगं, मी त्याला ओळखतही नाही. तोंड छत्रीआड आहे त्याचं.”

“डावा कान दिसतोय,” मुक्ता म्हणाली आणि तिने क्रॉपची चौकट पुढे ओढली.