‘पच्चा कापड’ का होतं?

सगळ्यांना गुड मॉर्निंग. मी आठवी ब मधली, आज परिपाठात पाच मिनिटं माझी आहेत, तर आधी सगळ्यांनी एक काम करा. पापड पापड पापड असं दहा वेळा म्हणा, फास्ट. जमलं ना? आता ‘कच्चा पापड पक्का पापड’ पाच वेळा म्हणा... झालं ना काहीतरी, तिकडे मागून ‘पच्चा कापड’ ऐकू आलं मला!

आता गंमत बघा, सेम शब्द परत परत आला तर फारसं अडत नाही, अडतं ते आवाज जवळपास सारखे पण थोडेसेच वेगळे असले की. प म्हणताना दोन्ही ओठ मिटतात आणि क म्हणताना जिभेची मागची बाजू वर टाळूला लागते, म्हणजे दोन्ही सोपेच आहेत, पण आपण बोलतो तेव्हा मेंदू एकेक अक्षर काढत नाही, तो पुढचे तीनचार आवाज आधीच रेडी करून ठेवतो आणि त्या लाइनीत क आणि प शेजारीशेजारी उभे असतात, दोघांनाही शब्दाच्या सुरुवातीची जागा हवी असते, मग स्पीड वाढला की एकाच्या जागी दुसरा घुसतो. आणि नीट बघा, चूक झाली तरी पहिलं अक्षर पहिल्याच अक्षराशी बदलतं. ‘कच्चा पापड’चं ‘पच्चा कापड’ होतं, ‘कच्चाप पाड’ सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे चुकतानापण मेंदू नियम पाळतो, मला तर हे फारच भारी वाटतं.

2013 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या स्टेफनी शॅटक-हफनागेल यांच्या टीमने इंग्लिशमधलं एक महाकठीण वाक्य सांगितलं होतं, ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’. त्याला धड अर्थ नाहीये, पण शब्दांची पहिली अक्षरं बघा, प क प क प क. आपल्या पापडातलेच प आणि क!

माझी आजी मात्र दुसरंच म्हणायला लावायची, ‘काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’. राळे म्हणजे बारीक धान्य असतं, तिच्या लहानपणी त्याचा भात करायचे. इथे ओठांचं काम कमीच, सगळं जिभेवर. र ला जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे फडफडतं आणि ळ ला तेच टोक मागे वळून टाळूला लागतं, म्हणजे एकाच टोकाला पुढे मागे पुढे मागे पळायचंय, एवढ्या कमी वेळात. म्हणून र चा ळ आणि ळ चा र होतो.

आता शेवटचं. फळ्यावर मी ‘काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले’ असं लिहिलंय, ते तोंड बंद ठेवून फक्त मनात वाचा, भरभर...

मनातपण स्लो झालात ना? जीभ तर हललीच नाही. आपण मनात वाचतो तेव्हाही मेंदूत ते आवाज उमटत असतात आणि तिथेच त्यांची गर्दी होते.

चला, आता राळे कोण म्हणणार? पाचवीपासून सुरू करू, हात वर करा.