ये श्वासा, ये हळूच
(पाचगणीच्या तीन दिवसांच्या निवांत शिबिरासाठी, सकाळच्या पहिल्या सत्राचं गाणं. हा कागद गाणं धरणाऱ्या दोघांसाठी आहे. सहभागींना फक्त शब्द छापून द्यावेत.)

ध्रुवपद
ये श्वासा, ये हळूच
जा श्वासा, जा हळूच

पायांखाली कातळ
अंगावर गार धुके
खांदे सैल मोकळे
ओठही जरा हलके

येतील जुने विचार
येऊ देत, बसू दे
निघतील तेच नंतर
दार उघडे असू दे

शेजारी कुणी असे
त्याचाही श्वास इथे
बोलावे न लागता
सोबत अशी उमगते

क्रम: ध्रुवपद दोनदा. मग प्रत्येक कडव्यानंतर ध्रुवपद एकदा. शेवटी "जा श्वासा, जा हळूच" ही ओळ आणखी दोनदा. एकूण 24 ओळी.

लय आणि श्वास: प्रत्येक ओळ अक्षरांच्या 12 मात्रांची आहे. एका ठोक्यात दोन मात्रा म्हटल्या की ती दादऱ्याच्या सहा ठोक्यांच्या एका आवर्तनात बसते. लय मिनिटाला 72 ठोके ठेवा, म्हणजे एक आवर्तन 5 सेकंदांचं होतं. एक आवर्तन गायचं आणि पुढचं रिकामं सोडायचं. गाताना श्वास बाहेर जातो, रिकाम्या आवर्तनात आत येतो. असे मिनिटाला सहा श्वास होतात आणि गाणं 4 मिनिटांत संपतं. गडबड हमखास याच रिकाम्या जागेत होते. शांतता अवघडल्यासारखी वाटते आणि गट पुढची ओळ तिसऱ्या-चौथ्या ठोक्यालाच उचलतो. एकाने मांडीवर बोटांनी सहा मोजत राहावं, दुसऱ्याने सातव्यालाच तोंड उघडावं. कुणाला एवढा लांब श्वास जड वाटला, दमा असला किंवा घाबरं झालं, तर त्याने आपल्या गतीने श्वास घ्यावा आणि नुसतं ऐकावं. हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा.

सूर: षड्ज पांढरी एक. पुरुषांनी खालच्या सप्तकात गावं. सगळी चाल सा ते वरचा सा एवढ्यातच आहे, कारण थंडीत सकाळी आवाज वर जात नाही. स्वर पाचच: सा रे म प ध. ध्रुवपदाची पहिली ओळ सा रे म, प म रे. दुसरी म प म, रे सा सा. कडव्याची तिसरी ओळ वरच्या सा ला टेकते, चौथी खाली येते. भूपाचे स्वर मुद्दाम टाळले आहेत. सकाळी ते ऐकले की मराठी कानाला भूपाळी, म्हणजे देवाला उठवणारं गाणंच आठवतं. साथीला पेटीवर सा आणि प धरून ठेवा. टाळ, चिपळ्या, घंटा आणि तिबेटी वाडगे नकोत.

शब्दांबद्दल: शांतीच्या गाण्यात ज्योत, कमळ, चक्र, ओंकार, शून्य, निर्वाण, मेंढपाळ हे शब्द आपोआप येतात. प्रत्येकाचं स्वतःचं घर आहे. तिथे त्यांच्याभोवती उपासना, नियम आणि माणसं आहेत. नुसत्या सुंदर वाटतात म्हणून त्या गोष्टी इथे मांडल्या, तर ज्याच्या त्या आहेत त्याला त्या हलक्या केल्यासारख्या वाटतात आणि ज्याच्या नाहीत त्याला आपण चुकून दुसऱ्याच्या प्रार्थनेला बसलो असं वाटतं. 'आत्मा'ही म्हणूनच नाही. बौद्ध साधकाला तो शब्द गाणं म्हणजे न पटणारी गोष्ट कबूल करणं. वड, पिंपळ, औदुंबर आणि तुळसही बाहेर ठेवल्या. उरलं ते पाचगणीचं आणि अंगाचं: टेबललँडचा जांभ्याचा कातळ, सकाळचं धुकं, खांदे, ओठ, श्वास. हे कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही, आणि मला ते पुरेसं वाटतं. चौथं कडवं जोडायचंच असेल, तर तेही इथूनच घ्या. सिल्व्हर ओकची पानं आहेत, लाल माती आहे.

शेवट कसा करायचा: शेवटच्या ओळीला ओठ मिटून गुणगुणू नका. मिटलेल्या ओठांचा लांब 'म्' खोलीत ओंकारासारखाच ऐकू येतो आणि वर केलेली सगळी काळजी वाया जाते. शेवटचा 'जा' उघड्या 'आ'ने लांबवा, 'हळूच' साधं म्हणा. त्यानंतर एक मिनिट काहीच नाही.

बसण्याबद्दल: हात मांडीवर, बाजूला, कसेही. जोडायला सांगू नका. डोळे मिटणं ऐच्छिक. संगीत किंवा एकत्र गाणं ज्यांच्या धर्माला वा मनाला रुचत नाही, त्यांना बाहेर ओट्यावर बसायची सोय आदल्या संध्याकाळीच खासगीत सांगा. सगळ्यांसमोर "कुणाला हरकत आहे का?" असं विचारलं, तर कुणीच हात वर करणार नाही. मिनिट संपलं की धरणाऱ्याने साध्या आवाजात "चहा तयार आहे" एवढंच म्हणावं.