विषय: अकाउंट्सचा डेस्कटॉप रोज हँग होतोय, उद्या किंवा परवा प्रत्यक्ष येऊन बघावा

नमस्कार सर,

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तुमच्याकडून दोन डेस्कटॉप घेतले. त्यातला माझ्या टेबलावरचा गेल्या सोमवारपासून रोज हँग होतोय. फोनवर दोनदा बोलणं झालं, तुमच्याकडच्या मुलाने सांगितलं ते सगळं केलं, पण फरक नाही. त्यामुळे आता फोनवर न सांगता सविस्तर लिहून पाठवते.

होतं असं की टॅलीत एंट्री करता करता स्क्रीन थिजते. माऊसचा बाण अर्धा मिनिट हलतो, मग तोही थांबतो. खाली कोपऱ्यातलं घड्याळ त्याच मिनिटावर अडकून राहतं. Ctrl+Alt+Del दाबून काही होत नाही, Num Lock चा दिवासुद्धा बदलत नाही. पंखा मात्र फिरत असतो आणि सीपीयूवरचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटलेला असतो. कान जवळ नेला तर आतून थांबून थांबून कट-कट असा आवाज येतो. हा आवाज पहिल्यांदा गुरुवारी ऐकला. आधी येत होता का, सांगता येणार नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरून बंद करावा लागतो.

वेळा वहीत लिहून ठेवल्यात. सोमवारी 11:42 आणि 3:20, मंगळवारी 12:05, बुधवारी दोनदा, गुरुवारी 11:50, शुक्रवारी दुपारी 3, आणि आज सकाळी 10:55. शनिवारी टॅली उघडलंच नव्हतं, फक्त मेल आणि बँकेचं काम केलं, तर दिवसभर एकदाही अडकला नाही. विंडोज सी ड्राइव्हवर म्हणजे एसएसडीवर आहे आणि टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर, म्हणजे साध्या हार्ड डिस्कवर. निदान तुम्हीच करा, पण हे लक्षात घ्यावं असं वाटलं.

टेम्प फाइल्स काढल्या, अँटीव्हायरसचं पूर्ण स्कॅन केलं, यूपीएसचा पॉइंट बदलला. शेजारचा डेस्कटॉप त्याच यूपीएसवर व्यवस्थित चालतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हँग व्हायच्या आधीच्या मिनिटांत हे वारंवार दिसतं:

```
Source: disk   Event ID: 153
```

आणि परत चालू केल्यावर Kernel-Power 41. ते बहुधा मी बटण दाबून बंद करते म्हणूनच येत असावं. दोन्हींचे फोटो सोबत जोडलेत.

सर, मला खरी काळजी डेटाची आहे. बुधवारी ग्राहकाला बिल छापून दिलं, मशीन अडकलं, आणि परत उघडल्यावर त्या बिलाची एंट्रीच नव्हती. छापील प्रतीवरून ती पुन्हा टाकली. प्रत काढली नसती तर कळलंही नसतं. तेव्हापासून दर दोन तासांनी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेते, पण असं किती दिवस करणार? 11 तारखेला जीएसटीआर-1 भरायचा आहे, आज 6 झाली. त्याआधी पगारही काढायचे आहेत.

म्हणून विनंती की उद्या मंगळवारी किंवा फार तर बुधवारी सकाळी 10:30 ला या. तुम्ही समोर असताना टॅली चालवून दाखवते, म्हणजे प्रत्यक्ष बघता येईल. येताना एक हार्ड डिस्क किंवा एसएसडी, साटा केबल आणि रॅम बरोबर आणलीत तर दुसरी फेरी वाचेल.

दोन गोष्टी आधीच सांगते. डेटा कॉपी करून तो उघडून बघितल्याशिवाय फॉरमॅट करू नये. आणि सीपीयू दुकानात न्यायचीच वेळ आली तर तेवढे दिवस दुसरं मशीन द्यावं लागेल. डी ड्राइव्हवर सगळ्यांचे पगार आणि बँकेचे तपशील आहेत, त्यामुळे ती डिस्क ऑफिसबाहेर जाणार नाही. बदललीत तरी जुनी आमच्याकडेच राहू द्या. वॉरंटीत त्यामुळे अडचण येत असेल तर आधी कळवा, साहेबांशी बोलून ठेवते.

तुमच्या बिलावर 3 वर्षांची ऑनसाइट वॉरंटी लिहिली आहे, बिलाची प्रत जोडली आहे. तरीही कशाचे पैसे लागणार असतील तर काम सुरू करण्याआधी आकडा सांगा, मंजुरी लगेच घेऊन देते.

ऑफिस तेच, वागळे इस्टेट, रोड नंबर 16, दुसरा मजला. लिफ्ट सध्या बंद आहे, जिन्याने यावं लागेल. 1 ते 1:30 जेवणाची सुट्टी असते, बाकी मी 6 पर्यंत जागेवरच आहे.

कोण आणि किती वाजता येणार ते आज संध्याकाळपर्यंत याच मेलवर कळवा, म्हणजे त्या वेळी मशीन मोकळं ठेवते.

आपली,
मेधा
अकाउंट्स

सोबत: इव्हेंट व्ह्यूअरचे 2 फोटो, वहीतल्या नोंदींचा फोटो, बिलाची प्रत