पहिलीचे वाचन : अक्षरगट १ आणि २, आठ पाठ

वर्ग पहिली, मुले १७. रोज पहिली तासिका, ४० मिनिटे.
साहित्य : अक्षरकार्डे, पुठ्ठ्याचा सुटा काना, सुट्या वेलांट्या, पाट्या.
गट १ : म, न, ल, र, क, आ, काना. गट २ : स, त, ब, दोन्ही वेलांट्या.

अक्षरे क-ख-ग च्या ओळीने घेतलेली नाहीत. म, न, ल, र हे आवाज लांबवता येतात, म्हणून जोडायला सोपे. क लांबवता येत नाही, पण त्याच्याशिवाय नाक, कान, मका, काका हे शब्दच मिळत नाहीत. या दोन आठवड्यांत बाराखडी घोकून घ्यायची नाही. ती तालावर पाठ होते आणि मूल वाचतेय असे उगाच वाटत राहते.

पाठ १. फक्त कान
पाटी-पुस्तक बंद. "मी तुकडे सांगते, तुम्ही जोडा. ना... क." मुले : "नाक!" मग मा-ती, दा-र, का-ग-द. नंतर उलटे : मी "बादली" म्हणते, मुले तुकड्यागणिक टाळी वाजवतात. शेवटी "माठ, मासा, माकड, नळ. कुणाची सुरुवात वेगळी?" एकेकाला विचारावे, कोरसमध्ये गप्प मूल लपून जाते.

पाठ २. म, न, क आणि काना
फळ्यावर म. शेजारी सुटा काना सरकवत : "म... काना लागला... मा." काना काढला की पुन्हा म. न-ना, क-का तसेच. मग शब्द : नाक, कान, मका, काम, मामा, काका.

जोडण्याची रीत एकच ठेवावी. बोट पहिल्या अक्षराखाली, आवाज न तोडता पुढच्या अक्षरावर : "नाऽऽऽक". आधी मी, मग सगळे, मग एकटे मूल. "ना. क." असे थांबत म्हटले की जोड होत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. सुटा क आपण अ-सकट म्हणतो, त्यामुळे मूल "नाकऽ" असे काहीतरी म्हणते. चूक म्हणू नये. "आता नेहमी बोलतोस तसं पटकन म्हण" एवढे पुरते. मूल स्वतःच्या नाकाला हात लावते आणि शब्द सापडतो.

पाठ ३. र, ल, आ
शब्द : रान, लाल, मार, आला, आराम, कमान, नकार. पाटीवर श्रुतलेखन चार शब्दांचे : कान, मका, रान, लाल. मग पहिला मजकूर :

मामा आला.
मामा, आराम कर.
काका, काम करा!

"काकांना राग आला असेल का?" विचारून पाहा. गप्पा होऊ द्याव्यात.

पाठ ४. पडताळणी १
एकेक मूल जवळ बोलवावे, बाकीची मुले चित्र काढतील. कार्डावर चित्र नको, नाहीतर मूल चित्रच वाचते.

नाक, काम, मका, लाल, कमान, आराम, नकार, लका, कना, मारन

शेवटचे तीन गंमतशब्द आहेत, त्यांना अर्थ नाही. मुलाला तसे आधी सांगावे. पाठांतर आणि वाचन यांतला फरक इथेच दिसतो. १० पैकी ८ आले तर पुढे. "काम"चे "कमा" झाले तर अक्षरे येतात, काना कुठे आहे ते दिसत नाही : काना सरकवण्याचा खेळ पुन्हा. सात खरे आले आणि तिन्ही गंमतशब्द चुकले तर मूल आठवून बोलते आहे : रोज दहा मिनिटे नव्या जोड्या, सुट्या कार्डांनी.

पाठ ५. स, त, ब आणि दुसरी वेलांटी
तीन, माती, बाकी, काकी, मामी, आली, बकरी. "बकरी" आधी ब-क-री असे तीन अक्षरांत, मग बोलतो तसे : मधला क आपोआप रीला चिकटतो.

पाठ ६. पहिली वेलांटी
हिला स्वतंत्र दिवस हवा. ती लिहिली जाते अक्षराच्या डावीकडे आणि ऐकू येते नंतर. बोट वेलांटीवर नाही, अक्षरावर ठेवायचे : "क... कि." किती, मिरी, तिसरा, सरिता. ऱ्हस्व-दीर्घाच्या लेखनचुका आत्ता काढू नयेत.

पाठ ७. मजकूर
काकी रानात आली.
रानात बकरी आली.
मका सरला!

प्रत्येकाने एकट्याने वाचावे. मग "मका का सरला?" उत्तर मजकुरात लिहिलेले नाही. जे मूल "बकरीनं खाल्ला" म्हणते ते समजून वाचते आहे. घरच्या बोलीत उत्तर आले तरी चालेल.

पाठ ८. पडताळणी २
तीन, माती, किती, बाकी, तिसरा, बकरी, सरिता, तबा, रिसी, बिलका. कसोटी तीच, ८. शिवाय "मामी रानात आली" हे वाक्य न थांबता. आठच्या खाली राहिलेल्यांना गट ३ चे नवे अक्षर देऊ नये. त्यांच्यासाठी पाठ ५ आणि ६ याच कार्डांवर, पण वेगळ्या शब्दांनी : बात, ताक, सासरा, मालिका.